प्रवाशाला जेवू कोणी घातले?

जुन्या प्रवासवर्णनांविषयीचा वाद हल्ली ठरलेल्या दोन वाटांनीच जातो. एक पक्ष म्हणतो की ही पुस्तके साम्राज्याची अपत्ये आहेत, त्यांतली नजर मालकाची आहे, आणि म्हणून ती वाचणे म्हणजे त्या मालकीला पुन्हा मान्यता देणे होय. दुसरा पक्ष म्हणतो की दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या तराजूत तोलणे हा अन्याय आहे. भाषा पाहावी, धाडस पाहावे, वर्णनाचा आनंद घ्यावा आणि पुढे जावे. दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने उतारे काढतात. एक जण तुच्छतेची विशेषणे गोळा करतो, दुसरा करुणेची वाक्ये गोळा करतो, आणि लेखक चांगला माणूस होता की वाईट, एवढ्यावरच सगळी चर्चा संपते. या भांडणात पुस्तक मात्र कोणीच वाचत नाही.

माझे म्हणणे असे आहे की प्रवासवर्णनातली नजर लेखकाच्या स्वभावात शोधू नये, ती मजकुराच्या रचनेत शोधावी. पुस्तकात नाव कोणाला मिळते, बोलायला कोणाला मिळते, प्रवासाचा खर्च कोण करतो, प्रवासी आजारी पडल्यावर त्याला जेवू कोण घालतो, आणि त्या जेवणाची किंमत शेवटी कोणाच्या खांद्यावर पडते, हे प्रश्न विचारले की लेखकाच्या चांगुलपणाचा मुद्दा मागे पडतो आणि पुस्तक बोलू लागते. हे म्हणणे पारखायचे तर उघडउघड तिरस्काराने लिहिलेले पुस्तक घेऊन उपयोग नाही. तिथे निकाल आधीच लागलेला असतो. अवघड उदाहरण घ्यायला हवे, म्हणून मी मंगो पार्कचे घेतो. स्कॉटलंडचा हा तरुण शल्यवैद्य लंडनच्या आफ्रिकन असोसिएशनच्या वतीने १७९५ साली गांबिया नदीच्या मुखाशी उतरला, नायजर नदी कोणत्या दिशेला वाहते हे पाहायला निघाला, आणि त्याचे प्रवासवर्णन १७९९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले.

पार्कच्या बाजूने जे बोलता येते ते आधी पूर्ण मान्य केले पाहिजे. तो सैन्य घेऊन गेला नव्हता. त्याच्याबरोबर जॉन्सन नावाचा एक दुभाषा होता, जो पूर्वी जमैकात गुलाम होता, आणि डेंबा नावाचा एक मुलगा होता, जो त्या वेळीही गुलामच होता. पुढे सहाराच्या कडेवरच्या लुदामारमध्ये अली या सरदाराने पार्कला कैद केले आणि डेंबाला ठेवून घेतले. जॉन्सनने पुढे यायला नकार दिला. पार्क एकटा निसटला, नदीपर्यंत पोहोचला आणि परतीच्या वाटेवर असा लुटला गेला की अंगावरच्या कपड्यांखेरीज, टिपणे ज्यात ठेवली होती त्या टोपीखेरीज त्याच्याजवळ काही उरले नाही. इतका असहाय माणूस कोणावर सत्ता गाजवणार? शिवाय त्याच्या पुस्तकात अशी वाक्ये आहेत जी त्या काळात सहज लिहिली जात नव्हती. नाकाची ठेवण आणि कातडीचा रंग यांत कितीही फरक असला तरी माणसाच्या मूळ भावनांत आफ्रिकी आणि युरोपीय यांच्यात भेद नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. मांडिंगो लोकांच्या चोऱ्यांविषयी तक्रार करतानासुद्धा तो थांबून विचारतो की युरोपातला गरीब माणूस अशाच मोहात पडला असता तर अधिक प्रामाणिक राहिला असता का. हे ढोंग आहे असे मी मानत नाही. पार्क मनापासून असाच होता, असे धरूनच पुढे जाऊ.

आता नायजरकाठच्या सेगू या शहराजवळचा प्रसंग जवळून पाहू. जुलै १७९६ मध्ये पार्कला नायजर दिसली; स्थानिक लोक तिला जोलिबा म्हणत. सकाळच्या उन्हात चमकणारी, वेस्टमिन्स्टरजवळच्या थेम्सएवढी रुंद आणि संथपणे पूर्वेकडे वाहणारी, असे तिचे वर्णन त्याने केले आहे, आणि हे वाक्य पुढे सगळीकडे उद्धृत झाले. या वाक्यात नदीकाठी एकही माणूस नाही. पण त्याच ठिकाणी पार्कने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. बांबाराचा राजा मानसाँग याने त्याला भेट नाकारली, पाच हजार कवड्या पाठवल्या आणि सेगूच्या परिसरातून निघून जायला सांगितले. जो वाटाड्या त्याच्याबरोबर दिला होता त्याने, हा माणूस इतक्या लांबून आणि इतक्या संकटांतून केवळ जोलिबा पाहायला आला आहे हे कळल्यावर विचारले की तुमच्या देशात नद्या नाहीत का, आणि एक नदी दुसरीसारखीच नसते का? थेम्सची उपमा लंडनच्या वाचकासाठी होती. वाटाड्याचा प्रश्न त्या सगळ्या खटाटोपालाच होता. ज्या लोकांनी नदी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती, तिच्यावर होड्या चालवल्या होत्या, त्यांच्या दृष्टीने ‘शोध’ नेमका कसला लागत होता? पार्क या प्रश्नाचे उत्तर देत नाही; राजालाही बहुधा असेच वाटले असावे, एवढे म्हणून तो पुढे जातो. पण प्रश्न त्याने खोडलेला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

त्याच मुक्कामात ते प्रसिद्ध गाणे येते. राजाची परवानगी येईपर्यंत पार्क एका गावाबाहेर झाडाखाली उपाशी बसून होता, कोणी त्याला घरात घेईना. शेतावरून परतणाऱ्या एका बाईने त्याला घरी नेले, मासा भाजून खायला घातला, चटई अंथरून दिली, आणि मग घरातल्या बायका रात्री उशिरापर्यंत कापूस काततकातत गाऊ लागल्या. गाणे त्याच्यावरच रचलेले होते. वारे घोंघावले, पाऊस कोसळला, थकलेला गोरा माणूस आमच्या झाडाखाली येऊन बसला. त्याला दूध आणून द्यायला आई नाही, धान्य दळायला बायको नाही. कीव करू या गोऱ्या माणसाची. सकाळी निघताना पार्कने त्या बाईला आपल्या बंडीची उरलेल्या चार पितळी बटणांतली दोन बटणे दिली. या बाईचे नाव पुस्तकात नाही. राजाचे आहे, सरदाराचे आहे, जिने जीव वाचवला तिचे नाही. आणि गाण्याचे पुढे काय झाले तेही त्याच पुस्तकात आहे. डेव्हनशरच्या डचेसने ते इंग्रजी पद्यात रचले, त्याला चाल लावण्यात आली आणि ते पुस्तकाला जोडले गेले. त्या पद्याच्या शेवटी गाणाऱ्या बायका गोऱ्या माणसाला निरोप देताना विनवतात की आफ्रिकी माणसांनी घेतलेल्या काळजीची आठवण ठेव. पार्कने नोंदवलेल्या गाण्यात ही विनवणी नाही. तिथे बायका वरच्या जागेवरून, भरल्या घरातून, आईबायको नसलेल्या परक्याची कीव करतात. लंडनमध्ये पोहोचेपर्यंत कीव करणाऱ्याच याचक झाल्या. एकाच पुस्तकात दोन्ही रूपे समोरासमोर असताना नजर कशी काम करते हे सांगायला वेगळा सिद्धांत कशाला हवा? आणि लक्षात घ्या, डचेसचा हेतू चांगलाच होता. तिला गुलामांविषयी सहानुभूती वाटावी असेच गीत लिहायचे होते.

जेवणाच्या किमतीचा प्रश्न याहून कठीण आहे. लुटला गेल्यावर सप्टेंबर १७९६ मध्ये पार्क तापाने फणफणत कामालिया या गावी पोहोचला, आणि तिथे कार्फा तौरा नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याने त्याला आश्रय दिला. एवढा फाटका माणूस गोरा कसा असेल, अशी शंका लोक घेत होते, तेव्हा कार्फाने आपल्याजवळचे एक छापील पुस्तक आणून वाचता येते का ते विचारले. ते इंग्रजी प्रार्थनापुस्तक निघाले. कार्फाने त्याला सात महिने सांभाळले आणि किनाऱ्यावर सुखरूप पोहोचवले. करार असा होता की पोहोचल्यावर पार्कने एका धडधाकट गुलामाच्या किमतीएवढा मोबदला द्यायचा. पुढे त्याने दुप्पट दिला. पण कार्फा किनाऱ्याकडे निघाला होता तो गुलाम विकायला. एकाचा उजवा पाय आणि दुसऱ्याचा डावा पाय एकाच बेडीत, आणि चौघाचौघांच्या गळ्यांत वादीच्या दोराचा फास, अशा तांड्याबरोबर पार्क एप्रिल १७९७ मध्ये निघाला. या तांड्यात नीली नावाची एक बाई होती. मधमाश्यांनी तिला फोडून काढले, तिला चालवेना, आधी चाबूक झाला, मग गाढवावर लादून पाहिले, आणि अखेर तांड्यातून तिचा गळा कापा असा ओरडा सुरू झाला. ते पाहवणार नाही म्हणून पार्क पुढे निघून गेला. थोड्या वेळाने कार्फाचा एक घरगुती गुलाम तिचे वस्त्र घेऊन आला. तिला वाटेवर सोडून दिले होते. त्या अभागी बाईच्या अंताचा सगळ्या तांड्याच्या मनावर खोल परिणाम झाला असे पार्क लिहितो. गुलामांतल्या ज्या थोड्यांना पुस्तकात नाव आहे त्यांत नीली आहे, आणि ते नाव तिला मरणाच्या प्रकरणात मिळाले आहे.

हे सगळे पाहिलेला, पुढे एका अमेरिकी गुलामवाहू जहाजावर वैद्याचे काम करत अँटिग्वापर्यंत गेलेला माणूस गुलामांच्या व्यापाराविषयी काय म्हणतो? त्याचे मत असे की या लोकांची बुद्धी सध्या इतकी अप्रबुद्ध आहे की व्यापार थांबवल्याने त्यांच्या आचारविचारांवर होणारा परिणाम अनेक सज्जनांना वाटतो तितका व्यापक किंवा हितकारक होणार नाही. इथे दुसरा पक्ष आपला आवडता मुद्दा पुढे करतो की आजच्या मापाने त्याला मोजू नका. मान्य, आपण त्याच्याच काळाच्या मापाने मोजू. व्यापारबंदीची संघटित चळवळ लंडनमध्ये १७८७ पासून चालू होती, संसदेत ठराव येत होते, आणि १८०७ साली कायदा झालाही. ‘अनेक सज्जन’ असे पार्क ज्यांना म्हणतो ते त्याचे समकालीनच होते. मग त्याने हे वाक्य का लिहिले? त्याच्या मनात शिरायची गरज नाही. पुस्तक कोणाच्या हातून गेले ते पाहिले तरी पुरे. आफ्रिकन असोसिएशनचा त्या वेळचा सचिव ब्रायन एडवर्ड्स हा जमैकातल्या मळ्यांचा मालक होता आणि बंदीच्या विरोधकांतला होता. पार्कच्या प्रवासाचा पहिला सारांश त्याने लिहिला आणि पुस्तक सिद्ध होताना पार्कने त्याचे साहाय्य घेतले. काळ सर्वांसाठी एकच होता. त्या काळात कोणाच्या टेबलावर बसून लिहिले गेले, हा निवडीचा भाग होता, आणि निवडीविषयी प्रश्न विचारणे म्हणजे काळाबाहेरचा न्याय लादणे नव्हे.

पार्कच्या असहायतेविषयीच्या आक्षेपाचे उत्तरही इथेच आहे. मेरी लुईस प्रॅट या अभ्यासिकेने १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात पार्कचे वाचन करताना दाखवले की निरुपद्रवी, सोसणारा, हातात काही नसलेला नायक हाही त्या विस्ताराच्या कथेचा एक प्रकार आहे. तो काही जिंकत नाही, पण त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी प्रदेश वाचकाच्या मनात मोकळा होतो. मला यात एवढीच भर घालायची आहे की हे मोकळे होणे व्याकरणातही दिसते. प्रवासाच्या प्रकरणांत पार्क भूतकाळ वापरतो: अमुक बाईने मासा दिला, अमुक माणसाने घोडा ओढून नेला. कामालियात मुक्काम पडल्यावर लोकांच्या चालीरीतींची प्रकरणे येतात आणि क्रियापद वर्तमानकाळात जाते: मांडिंगो असे असतात, त्यांच्या बायका असे करतात. तिथे माणसे नाहीशी होऊन स्वभाव उरतात. अलीच्या लोकांच्या, म्हणजे मूरांच्या बाबतीत हे अधिक तीव्र आहे. अलीच्या छावणीतल्या कैदेत जे सोसले त्यातून पार्कने एका संपूर्ण समाजाच्या क्रौर्याचा निष्कर्ष काढला. छळ खरा होता यात शंका नाही. पण ज्या बांबारा गावांनी त्याला उपाशी ठेवले त्यांच्याविषयी तो परिस्थितीची कारणे शोधतो आणि मूरांविषयी फक्त स्वभाव सांगतो. प्रवासवर्णन वाचताना हा काळबदल जिथे होतो तिथे पेन्सिलीने खूण करावी. लेखकाने पाहिलेले कुठे संपले आणि त्याने ठरवलेले कुठे सुरू झाले, ती जागा बहुधा तीच असते.

मग पहिला पक्ष बरोबर ठरतो का? अशी पुस्तके बाजूला ठेवावीत का? मला हे मुळीच पटत नाही, कारण पुस्तक बाजूला ठेवले की त्यातली माणसेही बाजूला पडतात. बोंदूच्या राजाच्या घरातल्या बायकांनी पार्कला निरखून पाहिले आणि निदान केले की तान्हेपणी दुधात बुडवल्यामुळे याची कातडी अशी झाली आहे, आणि रोज चिमटा काढून काढून याचे नाक इतके विद्रूप झाले आहे. कामालियातल्या गुलामांनी त्याला विचारले की खाऱ्या पाण्यापलीकडे नेल्यावर आमचे काय होते. गोरे लोक माणसे विकत घेतात ती खाण्यासाठी, अशी त्यांची समजूत होती. तुम्हाला शेतीच्या कामाला लावतात, असे पार्कने सांगितले तेव्हा त्यांना ते खरे वाटेना, आणि एकाने जमिनीवर हात ठेवून विचारले की तुमच्याकडे पाय ठेवायला अशी जमीन खरेच आहे का? त्या माणसाचे दुसरे कोणतेही चिन्ह जगात उरलेले नाही. हे पान जाळून त्याच्यावरचा अन्याय कसा दूर होणार?

यावर कोणी रास्तपणे म्हणेल की हे आवाजही पार्कच्याच लेखणीतून आलेले आहेत, मग त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि सरसकट उत्तर देऊन तो सुटत नाही. प्रत्येक आवाज वेगळा तपासावा लागतो. किनाऱ्यावर पोहोचल्यावर कार्फाने युरोपीय घर, सामान आणि जहाज पाहिले तेव्हा उसासा टाकून, काळी माणसे काहीच नाहीत, असे तो म्हणाला, असे पार्क सांगतो. तो तसे म्हणालाही असेल. पण हे वाक्य लंडनच्या वाचकाला सुखावणारे आहे, पुस्तकाच्या प्रवाहात अलगद बसणारे आहे, म्हणून ते सावधपणे घ्यावे. वाटाड्याचा नदीविषयीचा प्रश्न याच्या उलट आहे. त्याने लेखकाचे काम हलके होत नाही, नायकाची शोभा वाढत नाही, उलट ज्या शोधासाठी असोसिएशनने पैसे दिले त्याच्या मुळाशी तो जातो. लेखकाच्या सोयीविरुद्ध असूनही जे मजकुरात टिकून राहिले, त्याच्यावर साक्ष म्हणून अधिक भरवसा ठेवता येतो. न्यायालयात साक्षीदाराचे स्वतःला अडचणीचे ठरणारे विधान अधिक विश्वसनीय मानतात, त्यातलाच हा प्रकार.

हीच कसोटी आपल्याला प्रिय असलेल्या लेखकांनाही लावता आली पाहिजे, नाहीतर ती कसोटी न राहता हत्यार होईल. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या आणि १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. इथे नजरेची दिशा उलटी आहे. ताब्यातल्या देशातली बाई बलाढ्य देशाकडे पाहते आहे. मूळ रहिवाशांवर आणि कृष्णवर्णीयांवर झालेल्या अन्यायाकडे त्यांचे लक्ष गेले, हे त्यांचे मोठेपण आहे. तरीही विचारायचेच की त्यांना बोलावले कोणी, जेवू घातले कोणी. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांना बोलावले होते, आणि त्यांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसे देण्याचे वचन देणारी संस्था १८८७ साली बोस्टनमध्ये उभी राहिली. रमाबाईंची अमेरिका ही मुख्यतः या सुशिक्षित, सुधारक स्त्रियांच्या वर्तुळातून दिसलेली अमेरिका आहे, आणि स्त्रियांच्या प्रगतीविषयीचा त्यांचा उत्साह त्या खिडकीतून समजून घ्यावा लागतो. यात रमाबाईंचा अवमान होत नाही. त्यांनी काय पाहिले आणि त्यांच्या वाटेवर काय आलेच नाही, हे वेगळे करता येते.

पार्कच्या बाबतीत ही तपासणी करण्याची एक दुर्मीळ सोय उपलब्ध आहे आणि तिच्याकडे दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष होते. १८०५ साली तो सरकारी खर्चाने, चाळीसेक युरोपीय, त्यांत बहुतेक सैनिक, बरोबर घेऊन पुन्हा नायजरकडे गेला. नदीवर होडी सोडेपर्यंत त्यांतले पाच युरोपीय उरले होते, पार्क त्यांतला एक. या वेळी वाटेतल्या सत्तांशी बोलणी करत, जकात देत जाण्याऐवजी ते बंदुका रोखून प्रवाहाबरोबर निघाले. १८०६ मध्ये बुसाजवळ पार्कचा अंत झाला. त्या शेवटच्या टप्प्याची त्याची स्वतःची टिपणे मिळाली नाहीत. जे मिळाले ते होडीवरचा वाटाड्या अमादी फातुमा याने सांगितले आणि इसाको नावाच्या दुसऱ्या आफ्रिकी माणसाने शोध काढून आणले, आणि १८१५ साली ते पार्कच्या दैनंदिनीबरोबर छापले गेले. फातुमा सांगतो की होड्या अडवायला आल्या की हे लोक गोळ्या झाडत आणि माणसे मरत. एकदा त्याने मार्टिन या अधिकाऱ्याचा हात धरून म्हटले की आता पुरे, आपण फार माणसे मारली आहेत. मार्टिन त्याच्याच जिवावर उठला. पार्कने मध्ये पडून त्याला वाचवले. ज्याने आधीच्या प्रवासात माणसांच्या समान भावनांविषयी लिहिले तोच हा पार्क, आणि इथे त्याला पाहणारा, त्याच्याविषयी सांगणारा, त्याच्या माणसाचा हात धरून थांबवू पाहणारा फातुमा आहे. पार्कच्या पहिल्या प्रवासाचे पुस्तक जो कोणी मराठीत आणील त्याने फातुमाची ही जबानी त्याच बांधणीत, परिशिष्ट म्हणून नव्हे तर पार्कच्या प्रकरणांच्या बरोबरीने छापावी.